व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेचा फोटो आलाय, जाणं जमणार नाही. काय लिहू?

सई_बोरिवली (११ नोव्हेंबर, सकाळी ९.४०)

काल रात्री काकूंकडून लग्नपत्रिकेचा फोटो आला. काकू म्हणजे गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या त्या. चाळ गेली, काकू आता ठाण्याला लेकीकडे असतात. माझं निम्मं लहानपण त्यांच्या खोलीत गेलंय, त्यामुळे हात जोडलेली इमोजी टाकून सुटका नाही.

फोटो इथे टाकत नाही, नावं आहेत सगळ्यांची. मजकूर असा:

विवाह रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, मुहूर्त दु. १२ वा. २७ मि. स्थळ नाशिक, गंगापूर रोडवरचं कार्यालय. त्याखाली स्वागत समारंभ, मंगळवार २ की ३ डिसेंबर (नेमकी तिथेच पत्रिकेची घडी आलीय), सायं. ७ ते १०, दादर पश्चिमेचा एक हॉल. अगदी खाली ठाण्याचा एक पत्ता आणि 'कृपया आहेर आणू नये'.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १ डिसेंबरला आहे. नवरा बाहेरगावी. त्यामुळे त्या आठवड्यात मी घर सोडू शकत नाही. मी लिहिलेला मसुदा:

"काकू, पत्रिका मिळाली, खूप आनंद झाला! ३० तारखेला यायचा नक्की प्रयत्न करते, पण जरा कठीण दिसतंय. मुलाला आणि सुनेला खूप खूप शुभेच्छा!"

पाठवू का? काहीतरी खटकतंय.

---

चाळकरी (९.५२)

रुमाल टाकून ठेवतो. लग्नाचा विषय म्हणजे धागा शंभरी गाठणार.

---

मुलुंडचा_बापू (१०.०५)

नाशिकला जायला काय अडचण आहे? सकाळी पंचवटीने निघायचं, मुहूर्ताला पोचायचं, जेवून संध्याकाळी परत. आमच्या मेहुणीच्या लग्नाला आम्ही असंच गेलो होतो.

---

कसारा_लोकल (१०.११)

बापू, पंचवटी सकाळी नाशिकहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. तिने गेलात तर वरात झोपलेली भेटेल. सकाळी तिकडे जायला तपोवन. आणि ताईंना जायचंच नाहीये हो, नाही कसं म्हणायचं ते विचारतायत.

---

मुलुंडचा_बापू (१०.१४)

तपोवनच म्हणायचं होतं. तरी म्हणतो, जाऊन यावं माणसाने.

---

रमाबाई_पार्ले (१०.३०)

सई, तुझा मसुदा गोड आहे, पण त्यातून काकूंना काहीच कळणार नाही.

पहिलं म्हणजे 'नक्की प्रयत्न करते'. आपल्याकडे याचा अर्थ 'येत नाही' असा होतो हे तुला मला माहीत आहे, काकूंनाही माहीत आहे. पण काकू तुझ्यावर माया करणाऱ्या. त्या म्हणणार, सई प्रयत्न करतेय म्हणजे येईलच. तुझ्यासाठी मुहूर्ताच्या वेळी दाराकडे बघत बसतील.

दुसरं, पत्रिकेत कार्यक्रम दोन आहेत आणि तू फक्त ३० तारखेबद्दल लिहिलंयस. मी काकू असते तर वाचून म्हटलं असतं, बरोबर आहे बाई, नाशिक लांब पडतं, दादरला भेटेल. तू मात्र मनात दोन्हीला नाही म्हणून मोकळी झालेली.

तिसरं, 'मुलाला आणि सुनेला'. काकूंचं वय काय? त्यांच्या मुलाचं लग्न अजून व्हायचं राहिलं होतं का?

---

सई_बोरिवली (१०.४१)

काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या मुलीलाही मुलगा आहे आणि मुलालाही. मी दोघांनाही लहान असताना बघितलंय, आता नावं आठवत नाहीत. पत्रिकेवर काकूंचं नाव कुठेच दिसत नाही. म्हणून 'मुलाला' असं मोघम लिहिलं, मुलगा म्हणजे नवरामुलगा या अर्थी.

---

रमाबाई_पार्ले (१०.५८)

काकूंना ते मोघम वाटणार नाही, चुकीचं वाटेल. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांचं आडनाव बघ. काकूंचंच असेल तर मुलाचा मुलगा, वेगळं असेल तर लेकीचा. लेकीकडची पत्रिका असेल तर निमंत्रक जावई आणि लेक, म्हणून काकूंचं नाव वर येत नाही. काही पत्रिकांत खाली डावीकडे आजोळ म्हणून आजी-आजोबा, मामा-मामी अशी ओळ असते. फोटोत ती बाजू आलीय का बघ.

---

सई_बोरिवली (११.०३)

आडनाव वेगळं आहे! म्हणजे लेकीचा मुलगा. आणि खाली डावीकडे बोट आलंय फोटोत. काकूंचंच असणार.

---

वांगीभरीत (११.०५)

आजोळावर बोट ठेवलंय आजीने 😄

---

निनाद_ठाणे (११.२०)

स्थळ ठाण्याचंच धरा ना. खाली पत्ता दिलाय म्हणजे हॉल तिथेच असणार. दादर हा कदाचित वधूपक्षाचा पत्ता असेल.

---

कसारा_लोकल (११.२६)

निनाद, अगदी खालचा पत्ता निमंत्रकांच्या राहत्या घराचा असतो. हॉलचा पत्ता विवाहस्थळ किंवा स्वागत समारंभ या शब्दांच्या लगेच खाली. इथे तर काकू ठाण्याला लेकीकडे राहतात असं ताईंनी लिहिलंय, म्हणजे तो घरचाच पत्ता. घाईत फोटो मोठा करून बघताना डोळा शेवटच्या ओळीवर जातो आणि माणूस तोच पत्ता उत्तरात उतरवतो. तसं झालं तर काकूंना वाटेल, आमच्या घरी यायला हिला काय धाड भरलीय.

आणि २ की ३ चा प्रश्न सुटलेला आहे. ३० ला रविवार म्हणजे मंगळवार २ तारखेला. देवनागरीत २ आणि ३ घडीवर सारखेच दिसतात, १ आणि ९ चं पण तसंच. आकड्यावर विसंबू नका, वार बघा. वार अक्षरात लिहिलेला असतो, तो इतका सहज पुसला जात नाही.

---

आजोबा_दादरकर (११.४५)

आमच्या वेळी अक्षत घेऊन घरी यायचे. पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं असायचं, पाकिटावर सहकुटुंब सहपरिवार लिहिलेलं असायचं. फोटो पाठवून निमंत्रण होतं का? ज्याने फोटो पाठवला त्याला अंगठा पाठवावा. फिटंफाट.

---

रमाबाई_पार्ले (११.५२)

आजोबा, पंचाहत्तरीच्या बाईंनी ठाण्याहून बोरिवलीला लोकल बदलत अक्षत घेऊन यायचं का? पत्रिकेवरच छापलेलं असतं की प्रत्यक्ष येणं न झाल्यास हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं.

---

आजोबा_दादरकर (११.५५)

ते पोस्टाने पाठवलेल्या पत्रिकेसाठी होतं. पण बरं, काकूंचा अपवाद करतो. तरण्याताठ्यांना सवलत नाही.

---

पांढरपेशा (१२.१०)

मला एक कळत नाही. उत्तरात तारीख, स्थळ, नातं हे सगळं लिहायचं कशाला? त्यांनीच पाठवलंय ना, त्यांना माहीत आहे लग्न कधी नि कुठे. सरळ "काकू, जमणार नाही हो, माफ करा" म्हणावं. नाहीतर ते असं होतं:

"विषय: विवाहास अनुपस्थित राहण्याबाबत. संदर्भ: आपले दि. १० रोजीचे व्हॉट्सअ‍ॅप छायाचित्र. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की..."

---

वांगीभरीत (१२.१२)

"...सबब सदर प्रकरणी अक्षता इतरांकरवी टाकून घ्याव्यात ही विनंती." 😂

---

डोंबिवली_केटरर (१२.४०)

जेवणाच्या धंद्यातला माणूस आहे म्हणून लिहितो, नाहीतर वाचून पुढे जात असतो.

पांढरपेशा यांनी जे विचारलं त्याचं उत्तर असं की, ज्याने फोटो पाठवला तो माणूस आणि जो माणसं मोजतो तो माणूस वेगळे असतात. आजी फोटो पाठवते. यादी असते मुलाच्या आईकडे किंवा एखाद्या मावशीकडे, वहीत किंवा मोबाइलमध्ये. आजीला "काकू, जमणार नाही हो" आलं की आजी ते जसंच्या तसं लेकीला ढकलते. लेकीच्या फोनवर दिसतं काय? नुसतं जमणार नाही. कोणाला, कुठल्या दिवशी, किती माणसं, काही पत्ता नाही. मग ती आजीला विचारते, आजीला फोन सापडत नाही, आणि शेवटी 'धरून चाला' असं म्हणून चार ताटं धरली जातात.

आम्ही ताटांचा आकडा चार-पाच दिवस आधी पक्का घेतो. तेवढ्या ताटांचे पैसे लागतातच, माणसं कमी आली तरी. ऐनवेळी थोडी वाढली तर आम्ही निभावून नेतो, कमी झाली तर घरच्यांच्या अंगावर पडतं. त्यातही नाशिकच्या लग्नाचा आचारी वेगळा, दादरच्या रिसेप्शनचा वेगळा. एकाला कळलं आणि दुसऱ्याला नाही, असं नेहमी होतं.

म्हणून उत्तर असं हवं की ते कोणालाही पुढे पाठवलं तरी एकट्याने उभं राहील. कोण बोलतंय, कोणाच्या लग्नाबद्दल, कुठल्या तारखेच्या आणि कुठल्या हॉलच्या कार्यक्रमाला, किती जण येणार नाहीत. दोन ओळीत मावतं सगळं.

---

पांढरपेशा (१२.४८)

हे पटलं. पुढे ढकलण्याचा विचारच केला नव्हता. आमची आई तर स्क्रीनशॉटचा फोटो काढून पाठवते.

---

मी_मराठमोळा (१.१५)

अवांतर, पण महत्त्वाचं: आजकाल लग्नपत्रिका म्हणून .apk फाइल येते व्हॉट्सअ‍ॅपवर. अनोळखी नंबरवरून आली तर उघडू नका. ते अ‍ॅप असतं, फोनमध्ये घुसून बँकेचे ओटीपी वाचतं. २०२४ च्या नोव्हेंबरात हिमाचलच्या पोलिसांनी यावर इशारा दिला होता. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करा, कारण त्यांचा फोन फसला असेल तर त्यांच्या नावाने पुढे जाते.

---

सई_बोरिवली (१.२२)

माझा साधा फोटोच आहे, बोटासकट. बोट खोटं असणार नाही.

---

मंजिरी_के (२.०५)

कारणाबद्दल कोणीच बोललं नाही. ऑपरेशन लिहायचं की नाही? आमच्या घरी लग्नाच्या उत्तरात दवाखाना, आजारपण, सुतक असलं काही लिहीत नाहीत. मंगलकार्याला अमंगळ शब्द नको. 'घरगुती अडचण' म्हणायचं आणि थांबायचं.

---

रमाबाई_पार्ले (२.२०)

सुतकाचं बरोबर आहे. घरात कोणी गेलेलं असेल तर लग्नघराला ते लेखी कळवू नये, नुसती अडचण आहे म्हणावं, समोरचा समजतो. पण मोतीबिंदू हा काही अशुभ विषय नाही गं. काकूंचा स्वतःचाही झाला असेल.

माझी अडचण दुसरीच आहे. कारण जितकं खुलासेवार लिहाल तितकी त्यावर घासाघीस होते. "ऑपरेशन १ ला आहे ना? मग २ ला संध्याकाळी दोन तास ये की दादरला, बोरिवलीहून फास्ट लोकल आहे." आणि 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलंस तर अर्ध्या तासात फोन, "काय झालं गं, सगळे बरे आहेत ना?" मधला मार्ग असा की कारण एका वाक्यात, आणि त्याच वाक्यात ते किती दिवस चालणार ते. 'त्या आठवड्यात मी घरी एकटीच आहे' म्हटलं की २ तारीख आपोआप त्यात आली.

---

मंजिरी_के (२.२८)

तरी मी दवाखाना लिहिणार नाही. ज्याचं त्याचं.

---

मुलुंडचा_बापू (२.३३)

मी तर सांगतो रविवारचा मेगाब्लॉक आहे. कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं की असणारच.

---

कसारा_लोकल (२.३५)

लग्न नाशिकला, रिसेप्शन मंगळवारी. मंगळवारी कुठला मेगाब्लॉक, बापू?

---

मुलुंडचा_बापू (२.३६)

तेवढं कोण बघतंय.

---

सई_बोरिवली (४.५०)

सगळं वाचलं. नवीन मसुदा:

"काकू, मी गिरगावची सई. नातवाच्या लग्नाची पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. रविवार ३० नोव्हेंबरला नाशिकला लग्नाला आणि मंगळवार २ डिसेंबरला दादरच्या स्वागत समारंभाला, दोन्हीकडे आम्हाला दोघांना येता येणार नाही. सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे आणि मी घरी एकटीच आहे. नातवाला आणि नातसुनेला मनापासून शुभेच्छा. नंतर ठाण्याला येऊन दोघांना भेटेन."

---

डोंबिवली_केटरर (५.०२)

'दोघांना' लिहिलंत ते उत्तम. फोटोत पाकीट नसतं, त्यामुळे किती जणांना बोलावलंय ते त्यांनाही नक्की आठवत नाही. तुम्हीच सांगितलंत की हिशेब सुटतो.

---

रमाबाई_पार्ले (५.१०)

छान. दोन बारीक गोष्टी. 'नातवाच्या' ऐवजी 'ताईच्या मुलाच्या' किंवा लेकीला तू जे म्हणायचीस ते लिही. काकूंना दोन नातू आहेत आणि हे लेकीच्या फोनवर जाणार आहे. शिवाय तिलाही बरं वाटेल की तू तिच्या मुलाबद्दल बोलतेयस. दुसरं, 'नंतर येऊन भेटेन' यात नंतर म्हणजे कधी ते मोकळं सोडलंयस. जाणार असशील तर महिना तरी लिही, नाहीतर ते वाक्य काढ. सगळेच लिहितात ते, आणि सगळ्यांना माहीत असतं.

---

पांढरपेशा (५.१५)

नकार एवढा लांब? माझ्या मते शुभेच्छा आधी आणि नकार शेवटी हवा. आधीच नाही म्हटलं की पुढचं कोण वाचतं.

---

कसारा_लोकल (५.२१)

उलट आहे. शुभेच्छा आधी आल्या तर नोटिफिकेशनमध्ये तेवढ्याच दिसतात, घाईत वाचणारा 'येतायत' असं धरतो. ताईंनी एक आनंदाचं वाक्य लिहून मग नकार दिलाय, तो क्रम बरोबर वाटतो.

---

पांढरपेशा (५.२४)

मला अजूनही रूक्षच वाटतंय, पण बहुमत तुमचं.

---

निनाद_ठाणे (५.४०)

आहेर आणू नये लिहिलंय, आपण जातही नाही, तर काही पाठवायचं का? माझ्याकडे अशाच तीन पत्रिका पडून आहेत.

---

आजोबा_दादरकर (५.४८)

आणू नये लिहिलंय, पाठवू नये कुठे लिहिलंय? आम्ही तर पाठवतो.

---

मंजिरी_के (५.५५)

आजोबा, त्यांनी नको म्हटलं तर नको. पाठवलं की त्यांना परत काहीतरी द्यावं लागतं.

---

रमाबाई_पार्ले (६.०५)

सई, पाठवायचं ते आजच पाठव. लग्नाला जवळपास तीन आठवडे आहेत, काकूंना वाईट वाटायला आणि विसरायलाही वेळ आहे. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर नाही, त्यांनाच. ग्रुपवर एकाने नाही म्हटलं की मागून पाच जणांना अडचणी आठवतात. पंचाहत्तरीच्या बाईंना आधी फोन कर, मेसेज नंतर. फोनवर गप्पा होतील, मेसेज लेकीच्या यादीसाठी.

---

सई_बोरिवली (रात्री ९.१५)

फोन केला. वीस मिनिटं चाळीतल्या गणपतीच्या गप्पा झाल्या. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही, सासूबाईंसाठी थेंब कोणते, काळा चष्मा किती दिवस, सगळं समजावून सांगितलं. रमाबाई, तुमचा अंदाज बरोबर, दोन्ही डोळ्यांचा झालाय त्यांचा. मग मेसेज पाठवला, 'मोठ्या ताईच्या मुलाच्या लग्नाला' असं करून आणि 'जानेवारीत येऊन भेटेन' लिहून. पाच मिनिटांत ताईचा थेट मेसेज आला, "दोन्हीकडून तुमची दोन-दोन नावं काढली गं, सांगितलंस ते बरं झालं."

आणि लगेच काकूंचा परत फोन. "अगं, गुरुवारी ४ तारखेला दत्तजयंती, त्या दिवशी घरी ठाण्याला सत्यनारायण ठेवलाय. तोवर सासूबाईंना बरं वाटेल. प्रसादाला येऊन जा."

पत्रिकेत याचा उल्लेखच नाही!

---

वांगीभरीत (९.१८)

बोटाखाली असेल.

---

डोंबिवली_केटरर (९.२२)

पूजेचं लग्नपत्रिकेत छापत नाहीत. ते घरच्या माणसांना तोंडी असतं.

---

सई_बोरिवली (९.२५)

मग याला काय उत्तर देऊ?

---

आजोबा_दादरकर (९.२७)

सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणत नाहीत.

---

मुलुंडचा_बापू (९.३०)

बोरिवली ते ठाणे, घोडबंदर रोडने बस आहे. गुरुवारी मेगाब्लॉकही नाही.